कूलर काढला, पण खिडकी?

तेरवीला चार दिवस होते. आमच्या यवतमाळकडच्या एका खेड्यातला माणूस वडलांचा शेवटचा फोटो घेऊन स्टुडिओत आला. वडील ओसरीत बाजेवर बसलेले आणि मागे भिंतीला टेकवलेला भलामोठा लोखंडी कूलर. तेवढा कूलर काढून फोटो मोठा करायचा होता.

मी फोटोशॉपमध्ये कूलरभोवती सिलेक्शन केलं आणि आजूबाजूचं पाहून निवडलेली जागा आपोआप भरणारं Content-Aware Fill चालवलं. दोन मिनिटांत कूलर गायब. त्याच्या वर खिडकीची चौकट थोडी दिसत होती, तिच्याखाली प्रोग्रामने पाच गज बसवून दिले. मला तर झकास वाटलं. त्याने मात्र पाहताक्षणी म्हटलं, ‘‘भाऊ, आमच्या खिडकीले गज नाहीत, जाळी हाय.’’

मग त्याच भिंतीचा जुना फोटो मागवला. बहिणीच्या लग्नातला एक निघाला. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर फोटो बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवायला सांगितलं.

तो फोटो वरच्या लेयरवर टाकला आणि ब्लेंड मोड Difference केला. यात जिथे दोन्ही फोटो तंतोतंत जुळतात तिथे काळं दिसतं, जिथे सरकलेले असतात तिथे पांढरट दुहेरी कडा उमटतात. दाराच्या चौकटीचे कोपरे आणि खिडकीची वरची कड धरून Distort ने चारही टोकं ओढत गेलो. भिंतीवरच्या दुहेरी कडा गेल्या, पण ओसरीचा खांब काही केल्या जुळेना. अर्धा तास त्यातच गेला. मग लक्षात आलं, खांब भिंतीच्या पुढे आहे. दोन्ही फोटो काढणारे वेगळ्या जागी उभे होते, त्यामुळे तो सरकलेलाच दिसणार. मला हवी होती फक्त भिंत. खांब मास्कने झाकला आणि मोड परत Normal केला.

पुढची अडचण उन्हाची. लग्न हिवाळ्यातलं, सकाळचं तिरपं ऊन अर्ध्या खिडकीवर चढलेलं. वडलांच्या फोटोत मात्र सगळी भिंत सावलीत. तेवढाच उन्हाचा पट्टा मास्क करून Curves ने गडद केला, चुन्याचा निळा रंग शेजारच्या भिंतीशी जुळवला. तरी तुकडा ठिगळासारखा चमकत होता, कारण जुना फोटो गुळगुळीत आणि नवा दाणेदार. थोडा नॉइज घातल्यावर तो बसला.

राहिला खालचा कोपरा. लग्नाच्या फोटोत तिथे नवरीची मावशी उभी होती, म्हणजे त्यामागे काय हे त्या फोटोतही नव्हतं. विचारलं तर तो म्हणाला, ‘‘तिथं उखळ असन... नाहीतर घागर.’’ त्या अंदाजावर काही चितारायला मन होईना. बाजेच्या पायाच्या थोडं वरून फोटो कापला. फ्रेम दोन इंच बुटकी झाली. तेवढी चालली त्याला.