तुम्ही विचारलंत म्हणून: वाढदिवस कसे लक्षात राहतात?

‘एवढ्या लोकांचे वाढदिवस तुमच्या लक्षात राहतात तरी कसे हो?’

माझ्या नाही, वहीच्या लक्षात राहतात. आता वहीच्या जागी एक्सेलची शीट आहे. विम्याचा एजंट म्हणून जन्मतारखा हातात येतातच. पण जन्मतारखेवरच क्रम लावला तर वयानं मोठे आधी येतात, पुढच्या आठवड्यात कोणाचा वाढदिवस ते कळत नाही. म्हणून जन्मतारीख C रकान्यात, आणि शेजारच्या रकान्यात एवढंच:

```
=MONTH(C2)*100+DAY(C2)
```

१४ ऑगस्टचे ८१४ होतात, वर्ष गळून पडतं. या आकड्यावर क्रम लावायचा. कुठं #VALUE! दिसलं तर ती तारीख एक्सेलनं तारीख म्हणून घेतलेलीच नाही, असं समजायचं.

खरी गंमत ६०१ या आकड्याशी. तिथं गर्दीच असते, कारण आपल्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेला. पॉलिसीवर कागदावरचीच तारीख राहू द्यायची, तिला हात लावायचा नाही; शुभेच्छांसाठी मात्र वेगळा रकाना ठेवायचा. खानापूरकडचे एक शेतकरी ग्राहक आहेत. त्यांना विचारलं, “काका, कागदावरची राहू दे, खरी तारीख कुठली?” म्हणाले, “तारीख कुणाला ठाऊक? आई म्हणायची, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झालास.” मी ‘श्रावण शुद्ध षष्ठी’ लिहून घेतलं. नवं कॅलेंडर आलं की अशा सगळ्या तिथींसमोर त्या वर्षीची तारीख भरतो, आणि त्यांच्यासाठी सूत्र त्या तारखेवर चालतं. १ जूनच्या शुभेच्छांना ते नुसतं ‘थँक्यू’ म्हणायचे. षष्ठीला फोन केला तर घरात सगळ्यांना बोलावून बोलतात.

मेसेजच्या भाषेचाही रकाना आहे. माणूस फोनवर माझ्याशी ज्या भाषेत बोलतो ती त्याची भाषा, मग आडनाव काही का असेना. बैलहोंगलकडचे बहुतेक कन्नडमध्ये.

लग्नाच्या वाढदिवसाला जास्त जपावं लागतं. मृत्यूच्या क्लेमचे कागद हातात आले की त्याच दिवशी त्या घराचा लग्नतारखेचा रकाना रिकामा करायचा. नाहीतर एकट्या राहिलेल्या बाईला ‘दोघांना शुभेच्छा’ जातात, आणि त्यावर माफी मागून काही होत नाही.

भेट म्हणजे गावात कुंदा, तोही स्वतः नेऊन. खव्याचा जिन्नस, उन्हाळ्यात कुरिअरनं टिकत नाही. लांब पाठवायचं असेल तर गोकाकचा करदंट, पाव किलो. गूळ, डिंक आणि सुका मेवा, त्याला प्रवासाचं भय नाही. साखरेचं दुखणं असलेल्यांच्या नावापुढं खूण आहे, त्यांना डायरी.

भेट छोटीच का, असंही विचारतात. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नं पॉलिसी घ्यावी किंवा चालू ठेवावी म्हणून आमिषादाखल प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष सूट द्यायला बंदी आहे. म्हणून ‘हप्ता भरा, डबा घ्या’ असला प्रकार नाही. हप्ता थकलेला असला तरी वाढदिवसाच्या फोनवर मी तो विषय काढत नाही. तो फोन दुसऱ्या दिवशी.