धावून आल्यावरचं ११८

आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे बहुतेक लोक वजन घटवायला येतात. हे गृहस्थ मात्र डॉक्टरांवर जरा चिडूनच आले होते. पंचेचाळिशीचे, सडपातळ, आठवड्यातले पाच दिवस धावणारे. डॉक्टरांकडे संध्याकाळी बीपी १४८/९४ भरलं आणि त्यांनी गोळीचा विषय काढला. घरी मात्र रोज ११८/७६ च्या आसपास.

"मॅडम, मशीन त्यांचंच बिघडलेलं असणार. एवढं धावतो, मला कसलं बीपी?"

त्यांची वही चाळली. सगळ्या नोंदी सकाळी साडेसातच्या, आणि ते धावून यायचे सातला! व्यायामानंतर रक्तवाहिन्या काही तास सैल असतात, त्यामुळे बीपी तेवढा वेळ खाली राहतं. वहीतला आकडा खराच होता, पण दिवसातल्या सगळ्यात चांगल्या वेळेचा. त्यांना पाच मिनिटं पाठ टेकवून शांत बसवलं, हात छातीच्या पातळीला ठेवला आणि दोनदा मोजलं. १४६/९२ आणि १४४/९२. मग आठवडाभर सकाळी धावण्याआधी आणि रात्री जेवणाआधी मोजायला सांगितलं. येताना घरातली खाऱ्या पदार्थांची पाकिटं घेऊन या, असंही म्हटलं.

पुढच्या वेळी बायको पिशवी घेऊन सोबत आल्या. सरासरी १४४/९१. "घाम जातो म्हणून हे मीठ जास्तच खातात," त्या म्हणाल्या. मग मीही हिशेबच मांडला.

तिघांच्या घरात मिठाचं एक किलोचं पाकीट साधारण दोन महिने पुरायचं. म्हणजे माणशी रोज साडेपाच ग्रॅम मीठ. एक ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम धरलं तर २२०० झालं. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची दिवसाची मर्यादा आहे २०००. ती स्वयंपाकातच ओलांडली होती. लोणच्याच्या बाटलीवर १०० ग्रॅममागे ५२०० लिहिलं होतं. दोन्ही जेवणांत मिळून दोन चमचे, म्हणजे वीस ग्रॅम, की आणखी १०४०. पापड दोन, त्यांचे ४३०. "पण आम्ही भाजूनच खातो," हे वाक्य मला नेहमी ऐकू येतं. भाजल्याने तेल वाचतं, सोडियम तेवढंच राहतं. शिवाय पापडात मिठाबरोबर पापडखार असतो. तोही सोडियमच देतो, पण जिभेला खारट लागत नाही म्हणून कोणी मोजत नाही. संध्याकाळच्या शेवेचे ४२५. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'एका वाटपात' १७० होतं, पण ते वाटप वीस ग्रॅमचं. हे पन्नास ग्रॅम खायचे.

खरा धक्का पिशवीच्या तळाशी होता: ओआरएसची पाकिटं. धावून आल्यावर एक लिटर, रोज. जुलाबात जीव वाचवणारी ही चीज आहे, पण तिच्या एका लिटरमध्ये सुमारे १७२५ मिलिग्रॅम सोडियम असतं.

एकूण ५८०० च्या पुढे. आता घामाची बाजू. त्यांना पाणी न पिता तासभर धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करायला सांगितलं होतं. ते ९०० ग्रॅमने घटलं, म्हणजे साधारण तेवढेच मिलिलिटर घाम. घामातलं सोडियम माणसागणिक खूप बदलतं. अंदाजाने लिटरला ९०० धरलं तरी गेलं ८०० च्या आसपास. गृहस्थांनी माझा कागद ओढून वजाबाकी पुन्हा केली. पाच हजार शिल्लक राहिलंच.

बदल फार केले नाहीत. तासाभराच्या धावण्याला साधं पाणी. दोन तासांहून लांब धावायचं असेल, तेही उन्हात, तेव्हाच थोडं मीठ, आणि पाणी तहानेपुरतंच. कारण लांब अंतराच्या धावण्यात रक्तातलं सोडियम घसरतं ते बहुतेकदा पाणी अति प्यायल्याने. लोणचं दिवसाकाठी पाव चमचा, पापड रविवारी, शेवेऐवजी बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे. आमटी-भाजीतलं मीठ हळूहळू कमी करायचं, म्हणजे जिभेला सवय व्हायला काही आठवडे मिळतात. 'लो सोडियम' मिठाबद्दल त्यांनी विचारलं. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, असं सांगितलं.

पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला: जेवण कागदासारखं लागतंय. मी लिंबू, कोथिंबीर आणि जिरेपूड वाढवायला सांगितली. पापड मागितला होता, तो दिला नाही.

दोन महिन्यांनी धावण्याआधीची आणि रात्रीची सरासरी १३४/८५ होती. वडिलांना याच वयात बीपी सुरू झालेलं, त्यामुळे सगळं मिठावर ढकलता येत नव्हतं. डॉक्टरांनी नवी वही पाहिली, गोळी तीन महिने लांबवली आणि रक्ततपासणी लिहून दिली.