फोन वाजला की खांदे वर

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर रात्री साडेनऊला मेसेज पडतो : 'सोबतच्या लिंकमधील माहिती आजच भरावी. अतितातडीचे.' म्हणजे 'आज' संपायला अडीच तास. पण खरा गोंधळ त्यापुढे. केंद्रातले तीस-पस्तीस शिक्षक एकामागून एक 'जी सर', 'ओके सर', 'भरली सर' टाकतात, नाहीतर हात जोडलेलं चित्र. काम एक, टिंगटिंग तीस वेळा. त्यातच कुणीतरी मध्येच विचारतो, 'सर, लिंक ओपन होत नाही.' मग लिंक पुन्हा, मग पुन्हा 'ओके सर'.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. शहरातल्या आयटीवाल्यांना चोवीस तास ऑनलाइन राहावं लागतं असं आपण म्हणतो. पण पोषण आहाराची रोजची संख्या, उपक्रमाचे फोटो, युडायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातली दुरुस्ती, अमक्या दिनाचा अहवाल हे सगळं खेड्यातल्या मास्तरणीच्याही पदराला बांधलेलं असतं. आशाताई आणि ग्रामसेवक यांचंही तेच. नेटवर्क घरात नाही, ओट्यावर आहे, एवढाच फरक.

मानेचं दुखणं मी बरीच वर्षं उशीवर ढकलत आले होते. सासूबाईंनी ते दुसरीकडे नेऊन ठेवलं. मी भाकर थापत होते, फोन वाजला, आणि त्या चुलीपलीकडून म्हणाल्या, "काऊन वं, फोन वाजला का तुहे खांदे कानाले जाऊन लागतात?" मी खांदे खाली सोडले. परातीतल्या भाकरीवर माझी बोटं रुतली होती, हे त्यानंतर दिसलं.

तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात मानेपासून खांद्यापर्यंत जाणाऱ्या स्नायूवर ठेवला आणि माझाच फोन वाजवला. स्नायू बोटाखाली टणक झाला. "आता खाली सोडा," म्हणाल्या. सोडला असं मला वाटलं, बोटाखाली तो अर्धाच सैल झाला होता. त्या अर्ध्या उरलेल्या ताणातच माझं दुखणं होतं.

स्नायूला जड काम सोसतं, विसावा न मिळणं सोसत नाही. नॉर्वेत १९९० साली चॉकलेटं भरणाऱ्या बायकांच्या खांद्यांवर इलेक्ट्रोड लावून एक अभ्यास झाला. खांदे दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या बायकांच्या स्नायूंवर सरासरी भार साधारण सारखाच निघाला. फरक निघाला तो मधल्या फटींमध्ये. स्नायू पूर्ण गप्प होण्याचे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढे क्षण दुखणाऱ्या बायकांमध्ये कमी सापडले. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या हेग यांनी त्याचं एक कारण मांडलं. हलक्या कामाला स्नायूतले ठरावीक बारीक तंतू सगळ्यांत आधी जुंपले जातात आणि सगळ्यांत शेवटी सुटतात. जोर थोडाच लागतो, म्हणून मोठे तंतू त्यांच्या मदतीला येतच नाहीत. हेग यांनी या तंतूंना सिंड्रेलाचं नाव दिलं, सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर निजणारी म्हणून. हा अजून सिद्धान्तच आहे, दुखण्याची सगळी उकल त्यात नाही. पण मनावरच्या ताणानेही, हात न हलवता, खांद्याचा हा स्नायू जागा होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे फोन उचलायचीही गरज नाही. तो वाजेल एवढी धास्ती पुरते.

इथे मला आमच्याकडची रातची लाईन आठवते. कृषिपंपाला वीज एक आठवडा दिवसा, तर एक आठवडा रात्री. हिवाळ्यात तुरीला, हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री बाराला बॅटरी आणि काठी घेऊन निघायचं हा त्रासच आहे. साप आहे, थंडी आहे, आणि दिवसा वीज द्या ही मागणी रास्तच आहे. तरीही आमचा गडी आठ वाजता जेवून बारापर्यंत गाढ झोपतो, कारण लाईन कधी येणार हे त्याला ठाऊक असतं. मला रात्रभरात एखादाच मेसेज येतो, पण तो साडेनऊला येईल की पावणेअकराला हे ठाऊक नसतं. गड्याला चार तासांची सलग झोप मिळते, मला सात तास अर्धी जाग.

म्हणून फोन बंद करून ठेवणं हा उपाय मला पटला नाही, आणि पुढे कळलं की संशोधनही तेच सांगतं. २०१९ साली भारतातल्याच २३७ स्मार्टफोनवाल्यांवर दोन आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना सूचना नेहमीसारख्याच येत राहिल्या, काहींना तासातासाने, काहींना दिवसातून ठरलेल्या तीन वेळी एकगठ्ठा, आणि काहींच्या पूर्ण बंद केल्या. तीन वेळावाल्यांचा ताण कमी झाला आणि लक्ष टिकलं. पूर्ण बंदवाल्यांना फारसा फायदा झाला नाही, उलट काही चुकतंय की काय ही घालमेल वाढली. बंद फोनकडे आपण दर पाच मिनिटांनी बघतोच, कारण खांद्याला अजून खात्री नसते.

तर मी तीन वेळा ठरवल्या. शाळेत पोचल्यावर हजेरीच्या आधी, मधल्या सुट्टीत, आणि शाळा सुटायच्या आधीची वीस मिनिटं. सगळे ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर कायमचे म्यूट केले. म्यूट ग्रुपमध्येही कुणी आपल्या नावापुढे @ लावून विचारलं किंवा आपल्या मेसेजला थेट उत्तर दिलं तर सूचना येते, त्यामुळे खरंच माझंच काम असेल तर ते निसटत नाही. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर. त्यात घरचे, मुख्याध्यापक आणि शेजारच्या आशाताई यांना वाट ठेवली. शिवाय एकाच नंबरावरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर वाजू दे, ही सोय चालू केली. कुणी खरंच अडलं असेल तर दोनदा फोन करतोच.

'दामिनी'ला मात्र या सगळ्यातून मोकळीक दिली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं हे अ‍ॅप आपल्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सांगतं. मृगात मालक वावरात असताना आभाळ गडगडलं तर तो एक आवाज मला हवाच आहे. एवढ्या टिंगटिंगीत तोही एरवी 'असेल एखादं ओके सर' म्हणून दुर्लक्षिला गेला असता.

फोनची सेटिंग हे सोपं काम. माणसांशी बोलणं अवघड. मी केंद्रप्रमुख साहेबांना तक्रार केली नाही, हिशेब मांडला. "सर, सातच्या पुढे आलेलं मी सकाळी साडेदहाच्या आत भरीन. त्याआधी पाहिजे असेल तर कॉल करा, मी उचलीन." ते जरा थांबले, मग म्हणाले, "मॅडम, मलाही वरून रात्रीच येतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्यांचेही खांदे कानाला लागत असणार. तेव्हा वाटलं, ही सीमा वरपर्यंत कुणीतरी आखून द्यायला पाहिजे. फ्रान्समध्ये २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर आमचं आम्हालाच ठरवणं आलं. साहेबांनी एक केलं : 'जी सर' लिहू नका, मूळ मेसेजवर अंगठा द्या, असं ग्रुपवर टाकलं. अंगठ्याची सूचना फक्त मेसेज टाकणाऱ्याला जाते, बाकीच्यांचे फोन गप्प राहतात. त्या मेसेजवरही पहिल्या दिवशी बारा जणांनी 'ओके सर' लिहिलं, हा भाग वेगळा.

सुरुवातीला जास्तच कासावीस झालं. खिशात फोन नसताना मांडीवर थरथर जाणवायची. हा भ्रम बहुतेकांना होतो. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या २०१२ च्या एका पाहणीत दहांतल्या जवळजवळ नऊ जणांनी तो सांगितला होता. फिजिओबाईंनी दुसरी एक खूण दिली होती. ओठ मिटलेले असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागता कामा नयेत, दोन-तीन मिलिमीटरची फट असावी. घास चावताना सोडून दात टेकलेले सापडले की समजावं, शरीर अजून ग्रुपवरच आहे. मग खांदे मुद्दाम कानापर्यंत उचलायचे, पाच सेकंद धरायचे आणि एकदम सोडायचे. मुद्दाम आवळल्याशिवाय सैल म्हणजे काय ते स्नायूला कळत नाही. हाताला मुंग्या, बोटांत बधिरपणा, पकड सैल होणं असं असेल तर मात्र हे खेळ करत बसू नये, डॉक्टरकडे जावं.

मान आता दुखतच नाही असं नाही. मतदार यादीचं काम आलं की माझ्या या तीन वेळा मोडतात, कारण यादीचं काम बघणाऱ्या बीएलओला रात्रीही फोन येतात आणि ते घ्यावेच लागतात. त्या दिवसांत मी वेळा सोडून देते आणि काम कधी संपणार ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करून ठेवते. सासूबाईंना त्या गोलाचं कारण विचारावं लागत नाही. "इलेक्शनचं लागलं काय पुन्हा?" म्हणतात आणि तेलाची वाटी माझ्याकडे सरकवतात.