स्वर्गमंडपात तब्बूचं डोकं

माझं फोटोचं दुकान कोल्हापुरात, खरी कॉर्नरच्या जवळ. चौकात कॅमेऱ्याचं स्मारक आहे, कारण बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ही जागा. त्यांनी परदेशी यंत्राची वाट न बघता कॅमेराच बनवला, 1918 साली. आम्ही त्या मानानं फार खाली आलो. पासपोर्ट साइज, आधारची झेरॉक्स, बारशाचे अल्बम. पण डिसेंबर उजाडला की शाळांच्या सहली सुरू होतात आणि काउंटरवर जरा जीव येतो.

तब्बू आणि शर्वरी नववीतल्या. दोघींची दप्तरं एकाच सायकलच्या हँडलला लटकलेली असतात. त्या दिवशी मात्र एक दप्तर आत आलं, मागून दुसरं, आणि दोन्ही काउंटरच्या दोन टोकांना ठेवली गेली. मी समजलो.

सहल खिद्रापूरला गेली होती, कोपेश्वराच्या देवळात. वर्गात फोटोंची स्पर्धा लागली होती. नियम तीन : एकाचा एकच फोटो, आठ बाय बारा इंचाची प्रिंट आणि मोबाइलमध्ये कसलीही खाडाखोड नाही. निकाल वर्गाच्या मतांवर. आता दोघींनी एकेक फोटो दिला असता तर प्रश्नच नव्हता. पण शर्वरीनं आधीच हिशेब मांडला होता.

"काका, आमच्या ग्रुपची मतं फुटालीत. एकीनं माघार घ्यायला पायजे."

"मग घे की तू," तब्बू म्हणाली.

चिन्हवाटप व्हायचं होतं, पण माघारीचं राजकारण सुरू झालं होतं. कोल्हापुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. गोकुळ दूध संघाची निवडणूक आम्ही पाळण्यातच ऐकतो.

मी म्हणालो, आधी फोटो तरी दाखवा.

ज्यांनी खिद्रापूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुख्य देवळाच्या पुढं स्वर्गमंडप आहे. अठ्ठेचाळीस खांब, त्यातले मधले बारा गोलाकार उभे, आणि त्यांच्या वरचं छत मुद्दाम उघडं ठेवलेलं. सुमारे 13 फुटांचं आभाळाचं वर्तुळ. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल अखंड शिळा. तिथं गेलेला माणूस पहिल्यांदा मान वर करतो आणि दुसऱ्यांदा मोबाइल.

शर्वरीनं मान वर करण्याऐवजी सरळ शिळेवर पाठ टेकली होती आणि मोबाइल छातीवर धरून वरचं वर्तुळ टिपलं होतं. फोटो खरंच चांगला. वर्तुळ तंतोतंत मधोमध, भोवती खांबांची नक्षीदार डोकी आत झुकलेली. तिनं आणखी एक शहाणपण केलं होतं. अशा जागी मोबाइल गोंधळतो, कारण वरचं आभाळ लखलखीत आणि मंडप काळोखा. खांबावर बोट टेकवलं तर मोबाइल खांब उजळवायला जातो आणि आभाळ पांढरंफटक होतं. मग ते वर्तुळ नाही, ट्यूबलाइट दिसते. आणि जे एकदा पांढरं झालं ते परत निळं करता येत नाही, तिथं माहितीच शिल्लक राहत नाही. काळोखातलं थोडंफार वर काढता येतं. शर्वरीनं बोट आभाळावर टेकवलं होतं. म्हणून आभाळ निळं राहिलं आणि दगडाची कडा उठून दिसली.

फक्त वरच्या बाजूला, फोटोच्या कडेतून एक डोकं आत आलं होतं. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी. तब्बू.

"ही मुद्दाम वाकली," शर्वरी म्हणाली.

"मी वाकलो नसतो तर माझा फोटो कसा आला असता?"

कारण त्याच क्षणी तब्बू तिच्या उशाशी उभी राहून तिचाच फोटो काढत होती. तो फोटोही बघितला. दगडी चाकावर शाळेच्या गणवेशात पडलेली मुलगी, हात वर, जीभ दातांत धरलेली, आणि एक डोळा घट्ट मिटलेला. मोबाइलवर फोटो काढताना डोळा मिटायची काय गरज? स्क्रीन तर दोन्ही डोळ्यांना दिसते. पण आमच्या वडिलांच्या पिढीपासून फोटो काढणारा माणूस डोळा मिटत आलाय, आणि ही पोरगी, जिनं व्ह्यूफाइंडर कधी डोळ्याला लावला नसेल, तीही मिटते. मला तो डोळा फार आवडला. फोटो किंचित हललेला आहे. मंडपात उजेड कमी, त्यामुळं मोबाइलनं शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवलं आणि तब्बूचा हात तेवढ्यात थरथरला. खांबांच्या कडा मऊ आल्यात. चेहरा मात्र सुंदर उजळलाय, वरून येणारा उजेड सावलीतल्या खिडकीसारखा पसरट होता म्हणून.

"ह्यात देऊळ कुठाय?" शर्वरी.

"तुझ्यात तरी कुठाय? ते भोक तर सगळेच काढत्यात. नेटवर ढीग पडलाय."

"आणि माझं तोंड असलं वेडंवाकडं दाखवणार वर्गात?"

"माझं डोकं चालतंय व्हय मग?"

खरं भांडण इथं होतं. फोटो कुणाचा भारी हा वाद वरवरचा. आपण दुसरीच्या फोटोत कसे दिसतो, हे दोघींनाही सोसत नव्हतं.

मी मध्ये पडलो नाही. मी मोजपट्टी काढली. तीस वर्षांच्या आसपास या धंद्यात असलेल्या माणसानं पोरींच्या भांडणात न्याय करू नये, कागद काय म्हणतो ते सांगावं.

मोबाइलचा फोटो चारास तीन या मापाचा असतो. आठ बाय बाराचा कागद तिनास दोन. म्हणजे बारा इंच रुंदी भरायची तर फोटोची उंची नऊ इंच होते, आणि कागद आठच इंच. एक इंच जाणारच. मशीनवर सोडून दिलं तर ते वरून अर्धा आणि खालून अर्धा इंच कापतं. तब्बूचं डोकं वरून साधारण इंचभर आत आलेलं. म्हणजे रिबिनी जाणार आणि कपाळ तेवढं लोंबकळत राहणार.

"सगळा इंच वरनंच कापा की," शर्वरी म्हणाली.

कापता येतो. डोकं गेलं. पण मग वर्तुळ मधोमध राहत नाही, अर्धा इंच वर सरकतं. स्क्रीनवर करून दाखवलं. शर्वरीचं तोंड उतरलं, कारण त्या फोटोचा सगळा प्राण मधोमध असण्यात होता. त्यासाठी ती थंडगार दगडावर दहादा इकडंतिकडं सरकली होती म्हणे.

मग दोन्हीकडून एकेक इंच कापला तर? तेही केलं. वर्तुळ मध्ये आलं, डोकं गेलं. पण उंची सातच इंच उरली, तर रुंदीही त्याच प्रमाणात साडेदहा करावी लागते. बाजूच्या खांबांची डोकी कापली गेली आणि उरलं ते काळ्या कडेतलं निळं वर्तुळ.

तब्बू आनंदानं म्हणाली, "विहिरीत पडून काढल्यागत दिसालंय."

राहिला शेवटचा उपाय. काहीच कापायचं नाही. उंची आठ इंच बसवायची, रुंदी पावणेअकराच्या जरा आत येते, आणि दोन्ही बाजूंना पाऊण इंचाच्या आत पांढरी पट्टी सोडायची. नियमात प्रिंट आठ बाय बारा म्हटलंय, पट्टी नको असं कुठं म्हटलंय? वर्तुळ मध्ये, खांब शाबूत. आणि तब्बूही शाबूत.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग शर्वरी म्हणाली, "काढा."

काढायला गेलो तर आणखी एक घोळ. तिनं मला दिलेला फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवलेला होता. तिथून येताना फोटो बारीक होतो. तिच्याकडं आलेला लांबीला 1600 ठिपक्यांचा. चार बाय सहाला तेवढे पुरतात, पण या प्रिंटवर इंचाला दीडशेच ठिपके पडले असते आणि खांबांची नक्षी भिजल्यासारखी दिसली असती. चांगल्या प्रिंटला तीनशेच्या आसपास लागतात. मूळ फोटो तिच्या आईच्या मोबाइलमध्ये, 4000 ठिपक्यांचा. तो डॉक्युमेंट म्हणून मागवला. मोठा करून बघितला तर तब्बूच्या डोक्याला दुहेरी कड आलेली. मोबाइल अशा वेळी एकामागून एक काही फोटो घेतो, काही उजळ, काही गडद, आणि त्यांचा एक करतो. खांब हलत नाहीत. तब्बू हलली.

"बघ, वाकलेलीस," शर्वरी म्हणाली. पुरावा मिळाल्याचा आनंद तिला प्रिंटपेक्षा जास्त झाला.

माघार कुणीच घेतली नाही. दोन प्रिंट गेल्या. पुढच्या आठवड्यात तब्बू एकटी आली, कारण काय तर निकाल लागला होता.

"शर्वरीचा आला पहिला."

"बरं मग?"

"वर्गात फोटो दाखवल्यावर सगळी ओरडली, अरे तब्बूचं डोकं! आणि हात वर. काका, माझ्या डोक्यानं मलाच पाडलं."

हसू आवरत मी तिला विचारलं, तुझ्या फोटोला किती मतं? ते तिनं सांगितलं नाही. तिची तक्रार वेगळी होती. सहलीत सरांनी सांगितलं होतं की दुपारी उन्हाचा गोल बरोबर त्या शिळेवर पडतो. तो पडला असता तर आपला फोटो जिंकला असता. पण ऊन बाजूलाच पडलं होतं, उत्तरेच्या खांबांकडं.

सरांचं चुकलं नाही, महिना चुकला. डिसेंबरात आपल्याकडं भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून 50 अंशांच्या आसपास. छतातून आत आलेलं ऊन तिरकं जातं आणि शिळा चुकवतं. ते सरळ खाली पडायला सूर्य डोक्यावर यावा लागतो, आणि तो खिद्रापूरला येतो मेच्या पहिल्या आठवड्यात, पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. ऑगस्टात ढग. कार्तिकी पौर्णिमेच्या मध्यरात्री तिथं लोक जमतात, त्याचंही गणित हेच. त्या वेळी चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो.

"मे म्हणजे सुट्टीच," तब्बू म्हणाली. "बाराला?"

बाराला नाही. आपलं घड्याळ पार पूर्वेकडच्या रेखावृत्तावर लावलेलं, त्यामुळं आपल्याकडं सूर्य माथ्यावर यायला साडेबारा वाजत येतात. दोन-तीन मिनिटं अलीकडं. तिनं बिलाच्या मागं 12.27 लिहून घेतलं.

शर्वरी आली नव्हती असं नाही, ती बाहेर सायकल धरून उभी होती. तिथूनच तिनं ओरडून विचारलं, "ह्यावेळी दगडावर झोपणार कोण?"

"तूच. तुला सवय हाय."

"मेच्या उन्हात? दगड तापल्याला असतोय, पाठ भाजंल माझी. तू झोप, मी वाकतो."