शोचू की झान्शो

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सहा तारखेला ऑफिसात डबा खाता खाता बातमी वाचली की काल गुन्मातल्या इसेसाकीला ४१.८ डिग्री झालं, जपानचा तोवरचा रेकॉर्ड, आणि पहिला विचार काय आला तर अरे, सेन्सेईंना, म्हणजे आमच्या बाईंना, कार्ड टाकायचं राहिलं.

कार्ड म्हणजे शोचू मिमाई. भर उन्हाळ्यात ‘उकाड्यात तब्येत कशी आहे’ विचारायचं पोस्टकार्ड. आता ८५ येनचं झालंय. घरी येऊन लिहायला बसलो. मिमाई म्हणजे आजारी माणसाला बघायला जातो ते, म्हणून गुरूंना लिहिताना बरेच लोक त्याऐवजी उकागाई लिहितात, ते जरा वाकून विचारल्यासारखं वाटतं. मीही तेच लिहिलं, मोठ्या अक्षरात, पुढे पूर्णविराम न देता. मग त्यांची तब्येत, मग माझं दोन ओळींत, शेवटी ‘गोजिआई कुदासाई’, म्हणजे स्वतःला जपा. पहिल्या वर्षी मी त्याच्या आधी ‘शरीराला’ असं घातलं होतं. उत्तरात बाईंनी प्रेमाने कळवलं की जिआईमध्ये शरीर आलंच, परत कशाला?

आमचे आजोबा पिवळ्या कार्डावर ‘साष्टांग नमस्कार वि. वि.’ने सुरू करून ‘उन्हाळा फार आहे, प्रकृतीस जपावे’वर संपवायचे आणि जागा उरली की कडेने आडवं आंब्यांबद्दल लिहायचे, ते वाचायला कार्ड गोल फिरवावं लागायचं. इथे कडेने लिहायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

तर कार्ड झालं, खाली जपानी सनाप्रमाणे ‘रेइवा ७, सेइका’ लिहिलं (नक्की तारीख घालत नाहीत, नुसता ‘भर उन्हाळा’), आणि तेव्हा कॅलेंडर बघितलं. उद्या सात, रिश्शू. पंचांगाप्रमाणे शरद सुरू! रिश्शूपासून शोचू चालत नाही, झान्शो मिमाई लिहायचं, उरलेल्या उकाड्याची विचारपूस. आणि ते कार्ड हातात पडायच्या दिवसावर ठरतं, लिहायच्या नाही. २०२१ पासून साधं पत्र दुसऱ्या दिवशी पोचत नाही, शनिवार-रविवार वाटपही नाही. म्हणजे माझं कार्ड शुक्रवारी, नाहीतर थेट पुढच्या आठवड्यात.

बाहेर रात्री नऊला एसीच्या खोक्यातून भट्टीसारखी हवा येतेय आणि मी शरद आला म्हणून कार्ड बाद करतोय. पण केलं. दुसरं घेतलं, झान्शो लिहिलं, खाली ‘बान्का’, सरता उन्हाळा. नावापुढे फक्त सेन्सेई, आदराचं ‘सामा’ जोडायचं नाही, एवढं एक आता हात आपोआप करतो.

झान्शोची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत असते. बाईंचं उत्तर एरवी आठवड्यात येतं. आज एकोणतीस. त्या एकट्या राहतात, आणि एसीने गुडघे दुखतात म्हणून तो लावत नाहीत.