सगळ्यांना मिळून एकच मेसेज पाठवणं मी थांबवलं

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी शिकवते आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी दरवर्षी पाठवायच्या गुणवत्ता अहवालाचं काम पाहते. अहवालाचे निकष सात, पण माहिती विखुरलेली असते सगळ्या विभागांत. आमच्याकडे मुदत ३१ डिसेंबरची होती. नोव्हेंबरात मी ग्रुपवर टाकलं, "सर्वांनी आपापली माहिती लवकरात लवकर द्यावी." अंगठे भरपूर आले, माहिती दोघांचीच आली.

दुसऱ्यांदा तेच लिहिण्याआधी रसायनशास्त्राच्या मॅडमना भेटायला गेले. शोधनिबंधांची शीट त्यांच्यासमोर उघडीच होती. शीर्षक, लेखक, नियतकालिक, वर्ष, आयएसएसएन, लिंक असे रकाने. अकरा ओळी भरलेल्या, दोन निबंधांच्या लिंक तेवढ्या नव्हत्या. "अर्धवट कसं पाठवू?" त्या म्हणाल्या. तीन आठवडे ती शीट त्या दोन रकान्यांसाठी अडली होती, आणि मी मात्र त्या टाळताहेत असं समजत होते. तिथल्या तिथे मी ती अकरा ओळींसह घेतली.

मग मागच्या वर्षीच्या नोंदींवरून प्रत्येकाची शीट मीच अर्धी भरली. हवे ते रकाने पिवळे केले आणि ज्याला त्याला वेगळा मेसेज पाठवला: "सर, तुमचे चारच रकाने राहिलेत. १२ तारखेपर्यंत मिळाले तर २० पर्यंत पुरावे तपासून होतील. काही अडलं असेल तर तेवढं सांगा." कारणासकट तारीख दिली की लोक ती पाळतात, नुसतं 'लवकर' कुणालाच बांधत नाही. एक सर लोणावळा लोकलने येतात. त्यांना सकाळी गाडीत असतानाच मेसेज करू लागले, कारण तास सुरू झाले की तो खाली जातो.

शिष्यवृत्तीच्या आकड्यासाठी एका सरांना तीनदा विचारलं होतं. चौथ्यांदा विचारलं, "हा आकडा नेमका कुणाकडे असतो?" तो कार्यालयातल्या लिपिकांकडे होता, शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलच्या लॉगिनमध्ये. परीक्षा अर्जांची गर्दी चालू होती, म्हणून दादा म्हणाले, "मंगळवारी चारनंतर या." मी गेले, शेजारी बसले, वीस मिनिटांत यादी निघाली. सरांना विनाकारण तीनदा ओशाळं केलं, याचं मला वाईट वाटलं. तसं त्यांना सांगितलंही.

वर्णनाच्या परिच्छेदांना "शुक्रवारपर्यंत बदल कळवला नाहीत तर हाच मजकूर जाईल" असं लिहिलं, ते छान चाललं. आकड्यांना मात्र ही युक्ती लावायची नाही, कारण प्रत्येक आकड्यामागे पुरावा जोडावा लागतो आणि जुना आकडा तिथे उघडा पडतो.

२२ डिसेंबरला एकच पिवळा रकाना उरला होता, क्रीडा विभागाचा. सर संघ घेऊन बाहेरगावी होते. त्यांनी प्रमाणपत्रांचे फोटो रात्री फोनवरून पाठवले, आकडा मी मोजून भरला आणि त्यांनी "बरोबर" म्हटल्यावरच रंग काढला.