वरच्या काकांना आणि सोसायटीला एकच पत्र

गुरुवार, 16 जानेवारी 2025

आज अखेर वरून झालेल्या गळतीबद्दल पत्र दिलं. मजकूर एकच, प्रती दोन: एक वरच्या काकांना, दुसरी सोसायटीच्या सेक्रेटरींना. सोसायटीच्या कार्यालयातून माझ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतली. काका-काकूंशी आमचा जुना घरोबा आहे, संक्रांतीला तिळगूळही दिला-घेतला. तरी लिहायचं ठरवलं, कारण तोंडी बोलणं दोन महिन्यांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं.

तारखेपाशीच आधी अडले. सगळे "शनिवारी रात्री" म्हणतात, पण छतातून धार लागली ती 12 तारखेला पहाटे पावणेदोनला. पत्रात तसंच लिहिलं: "दि. 12 जानेवारी, पहाटे 1.45: बेडरूमच्या छतातून, पंख्याच्या हुकाजवळून आणि स्विचबोर्डातून पाणी येऊ लागलं. आम्ही मेन स्विच बंद केला. पाणी स्वच्छ होतं, वास नव्हता, धार अखंड होती." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. ड्रेनेजची गळती असती तर वर कुणी पाणी वापरल्यावरच ठिबकलं असतं, आणि त्या रात्री वरचं घर बंद होतं. काका-काकू गावी गेले होते.

पुढचा तास पत्रात सविस्तर आहे. हे आणि वॉचमन डक्टमधला वरच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करायला गेले. तो गंजून इतका घट्ट बसला होता की चाक हललंच नाही. मग गच्चीची किल्ली मागवून टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद केला, तेव्हा 2.40 वाजले होते. धार थांबली, पण स्लॅबमध्ये साचलेलं पाणी सकाळपर्यंत ठिबकत राहिलं. हेही लिहिलं, नाहीतर कुणी म्हणायचं की टाकी बंद करूनही गळत होतं, म्हणजे पाइप दुसराच.

रविवारी दुपारी काकांनी येऊन घर उघडलं. बेसिनखालच्या कनेक्शन पाइपचा प्लॅस्टिकचा नट उभा चिरला होता. प्लंबरकडून तेवढंच दोन ओळींत लिहून, सही करून घेतलं. तो नट काकांनी जपून ठेवलाय.

म्हणूनच पत्र दोघांना. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची दुरुस्ती सोसायटीकडे असते आणि फ्लॅटच्या आतली सभासदाकडे. नट काकांच्या घरातला, व्हॉल्व्ह डक्टमधला. तो फिरला असता तर पाणी दहा-पंधरा मिनिटांत थांबलं असतं, असं मला मनापासून वाटतं. पण किती नुकसान पहिल्या पंधरा मिनिटांत झालं आणि किती नंतर, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे वाटणी मी केली नाही. दोघांनी समितीच्या बैठकीत बसून ठरवावी आणि निर्णय लेखी कळवावा, एवढंच मागितलं. डक्टमधले सगळे व्हॉल्व्ह तपासून घ्या, हे मात्र ठासून लिहिलं. पुढच्या वेळी पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरेल.

नुकसानीची यादी करताना मागायचं आणि न मागायचं, असे दोन प्रकार वेगळे ठेवले. पीओपीचा फुगून पडलेला भाग आणि दोन भिंतींचा रंग 16,500, कपाटाचा तळ व फुगलेली प्लायची दारं 14,000, वायरिंगची तपासणी व नवा स्विचबोर्ड 2,200. एकूण 32,700 रुपये, तिन्हींची कोटेशनं आणि फोटो सोबत. कपाट जुनं आहे, म्हणून नव्याची किंमत न लावता सुताराने दिलेला दुरुस्तीचाच आकडा धरला. गादी टाकूनच द्यावी लागणार, पण ती तशीही बदलायची होती, तिचे पैसे मागितले नाहीत. हे पत्रात स्पष्ट लिहिल्यामुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसेल असं वाटतं.

रंगाची घाई करणार नाही. ओल आत असताना पुट्टी मारली की पोपडे येतात. भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबू, मग वायरमन पुन्हा बघेल. तोवर त्या खोलीचा एमसीबी बंदच राहील.

घराचा विमा आहे, भारत गृह रक्षा. टाक्या किंवा पाइप फुटून होणारं नुकसान त्यात येतं, म्हणून सोमवारीच कंपनीला कळवलं. तिथून जेवढी रक्कम मिळेल तेवढी मागणीतून वजा करीन, हेही पत्रात आहे. एकाच कपाटाचे पैसे दोनदा घ्यायचे नाहीत.

संध्याकाळी काका पत्र हातात घेऊन आले. सगळं वाचलं होतं. "व्हॉल्व्हचं मला माहीतच नव्हतं," म्हणाले, आणि बैठकीला स्वतः येतो म्हणाले. काकू ओल बघायला बेडरूममध्ये गेल्या, भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

शनिवारी सर्व्हेअर येणार. तोपर्यंत कपाटाची दारं आणि गादी हॉलमध्येच, काही टाकायचं नाही.